प्रॉडक्ट मॅनेजर पदासाठी अर्ज

दि. १८ ऑगस्ट २०२५
सोलापूर

प्रति,
मा. प्रमुख, प्रॉडक्ट विभाग, पुणे

विषय : यंत्रमागांवरील देखरेख-उपकरणाच्या विभागात प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून नियुक्ती मिळणेबाबत

महोदय / महोदया,

मी यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर असून गेली आठ वर्षे चिंचोळी एमआयडीसीतील एका कारखान्यात यंत्रमागांचे सुटे भाग आणि जुन्या मागांवर बसवायची जोडयंत्रे यांच्या आरेखनाचे काम करतो. आपल्या जाहिरातीत ग्राहकांशी बोलून गरज ओळखणे, कामांचा अग्रक्रम ठरवणे, किंमत निश्चित करणे आणि अभियंते व विक्री विभाग यांच्यात दुवा साधणे ही कर्तव्ये दिली आहेत. माझ्या पदनामात यातले काहीही नसले तरी गेल्या चार वर्षांत मी यांपैकी बरेचसे काम प्रत्यक्षात केले आहे, म्हणून हा अर्ज करीत आहे.

टॉवेलच्या मागांसाठी ताणा तुटताच माग थांबवणारी यंत्रणा तयार करण्याचे काम २०२१ साली माझ्याकडे आले. ताण्याचा प्रत्येक धागा ड्रॉपरमधून जातो. धागा तुटला की ड्रॉपर खाली पडून विद्युतमंडल पूर्ण होते आणि माग थांबतो. आमची यंत्रणा चाचणीत निर्दोष ठरली होती, तरीही पहिल्या सहा कारखान्यांपैकी चार ठिकाणी तिची तार महिन्याभरात काढून ठेवलेली आढळली. विक्री विभागाने कामगारांना प्रशिक्षण द्यावे असे सुचवले. मी मात्र अक्कलकोट रस्त्यावरच्या दोन कारखान्यांत सलग तीन रात्रपाळ्या मागांशेजारी उभा राहिलो. टॉवेलवर लूप उठावेत म्हणून लूपचा ताणा मुळातच सैल सोडलेला असतो, त्यामुळे धागा न तुटताही ड्रॉपर क्षणभर टेकतो आणि माग विनाकारण थांबतो. मजुरी उत्पादनावर मिळत असल्याने अशा प्रत्येक थांब्याचा भुर्दंड विणकरावर पडत होता. त्याने तार काढली यात अडाणीपणा नव्हता, साधा हिशेब होता.

उपाय यांत्रिकीच्या दृष्टीने किरकोळ होता, निर्णय मात्र किरकोळ नव्हता. मिनिटाला १२० पिक घेणाऱ्या मागावर एका पिकाला अर्धा सेकंद लागतो. संपर्क सलग तीन पिके टिकला तरच माग थांबेल, अशी रचना मी सुचवली. यामुळे धागा खरोखर तुटल्यास दीड सेकंदाचे कापड सदोष निघणार होते आणि मालकांना ते मान्य होईल याची खात्री नव्हती. मी मालक, जॉबर आणि विणकर यांना एकाच मागापुढे उभे करून दोन्ही पर्याय चालवून दाखवले. बोलणे बरेचसे तेलुगूत झाले. ती भाषा मी इथल्या कारखान्यांतच कामापुरती शिकलो आहे आणि तिचा मला आरेखनाच्या सॉफ्टवेअरइतकाच उपयोग झाला आहे. बदललेली यंत्रणा त्या चारही ठिकाणी आजतागायत चालू आहे. वापरणारा, पैसे देणारा आणि दुरुस्त करणारा ही तीन वेगळी माणसे असतात, हे लक्षात ठेवूनच त्यानंतरचे प्रत्येक काम मी हाती घेतले.

माझी एक चूकही सांगणे योग्य ठरेल. पुढच्या आवृत्तीत प्रत्येक मागावर आकडे दाखवणारा पडदा असावा, असा आग्रह मी धरला. त्यामुळे किंमत जवळपास दीडपट झाली आणि मागणी आली नाही. कुणी विचारलेच नव्हते अशी सोय मी केवळ करता येते म्हणून केली होती. पडदा काढून त्याजागी दोन रंगांचा दिवा बसवला, सुट्या भागांच्या यादीतील प्रत्येक ओळीचा खर्च पुन्हा तपासला आणि मगच ते उत्पादन विकले जाऊ लागले. आता कोणतीही नवी सोय मांडताना ती कोणी मागितली आणि तिच्यासाठी तो किती मोजेल, हे मी आधी लिहून काढतो.

आपले उत्पादन माहिती गोळा करून मोबाइलवर दाखवते. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या चमूबरोबर मी अद्याप काम केलेले नाही, ही माझी उणीव आहे. ती भरून काढण्यासाठी मी वर्षभर एसक्यूएल शिकत असून आमच्या सेवा विभागाकडील तक्रारींचे वर्गीकरण त्याच्या साहाय्याने करतो. आवश्यक वाटल्यास सहायक प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून सुरुवात करण्यास माझी हरकत नाही.

सध्याच्या नोकरीत दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. मुलाखतीसाठी मी कोणत्याही शनिवारी पुण्यास येऊ शकेन आणि येताना वरील यंत्रणेचा जुना व नवा असे दोन्ही नमुने सोबत आणीन. आपल्या चमूपैकी कोणाला ती चालू मागावर पाहायची असल्यास सोलापुरात तशी व्यवस्था करता येईल. रात्रपाळी निवडलीत तर अधिक दिसेल.

आपला विश्वासू,
महेश कुलकर्णी
सोबत : कार्यानुभवाचा तपशील व दोन आरेखने