पंढरपूर–अक्कलकोट–तुळजापूर यात्रा: अंदाजपत्रक

सोमवार 14 ते बुधवार 16 डिसेंबर 2026. पुण्याहून 38 सभासद आणि 2 कार्यकर्ते. पंढरपूरला एकादशी, अक्कलकोटला गुरुवार आणि तुळजापूरला मंगळवार-शुक्रवार टाळूनच वार ठरवले आहेत, म्हणजे रांगेत फार वेळ उभे राहावे लागू नये.

प्रवास – 65,400 रु.
पुशबॅक बस, 60 रु. प्रति किमी. प्रत्यक्ष फेरा साधारण 720 किमीचा आहे, पण बसवाले रोजचे किमान 300 किमी धरतात, म्हणून 900 किमीचे 54,000. टोल व पार्किंग 6,000. चालक-क्लीनर भत्ता रोज प्रत्येकी 500, तीन दिवसांचा 3,000. बस मंदिरापर्यंत जात नाही, त्यामुळे रिक्षांसाठी माणशी 60, एकूण 2,400.

मुक्काम – 30,800 रु.
पंढरपूर व अक्कलकोट, प्रत्येकी एक रात्र. तीन खाटांच्या 14 खोल्या, 1,100 रु. दराने, चालक-क्लीनर धरून 42 जण. सर्व खोल्या तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत, आणि कमोड हवाच. यात तडजोड केलेली नाही. दर यामुळेच थोडा चढा आहे.

भोजन – 41,500 रु.
नाश्ता 3 × 60 = माणशी 180, एकूण 7,560. चार जेवणे 150 दराने 25,200. चहा सहा वेळा, 15 दराने 3,780. पाण्याचे 19 जार 760. मंगळवारी दुपारी अक्कलकोटला अन्नछत्रात महाप्रसाद. तो विनामूल्य असला तरी माणशी 100 प्रमाणे 4,200 देणगी द्यावी. बुधवारी रात्रीचे जेवण घरी. मधुमेही सभासदांनी नावे नोंदवताना सांगावे, चहा बिनसाखरेचा वेगळा होईल.

औषधपेटी, ओळखपत्रे, दोन चाकाच्या खुर्च्या – 3,000 रु.
तुळजापूरला मंदिरात पायऱ्या उतरून जावे लागते आणि परत चढावे लागते. तिथे खुर्ची कामाची नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासोबत दोन्ही कार्यकर्ते राहतील.

बेरीज 1,40,700 रु.

आकस्मिक निधी (10 टक्के) – 14,100 रु.
मागच्या यात्रेत एका काकूंचा रक्तदाब रात्री अकराला घसरला. गाडी आणि दवाखान्याचे 2,800 रुपये एका सभासदाने खिशातून भरले, आणि ते परत मागायला त्यांना संकोच वाटला. तसे पुन्हा होऊ नये. 5,000 रोख यात्राप्रमुखांकडे राहतील, बाकी बँकेत. यातला खर्च यात्राप्रमुख व खजिनदार अशा दोघांच्या सहीने होईल; तातडीच्या वेळी आधी खर्च, सही नंतर.

एकूण 1,54,800 रु.

वर्गणी माणशी 3,900 × 38 = 1,48,200. उरलेले 6,600 संघाच्या सहल निधीतून. कार्यकर्त्यांकडून वर्गणी घेऊ नये.

आगाऊ 2,000 रु. 31 ऑक्टोबरपर्यंत, बाकी 30 नोव्हेंबरपर्यंत. 5 डिसेंबरपर्यंत नाव मागे घेतल्यास 500 वजा करून परतावा. नंतर जागा भरली तरच. हिशेब पावत्यांसह 31 डिसेंबरपूर्वी मांडला जाईल आणि आकस्मिक निधीतली शिल्लक 38 जणांना समान परत मिळेल.

– खजिनदार