ग्राहक हक्क: बिल, वॉरंटी, परतावा आणि तक्रार (अकरावी ते पदवी प्रथम वर्ष, वर्गात वाचण्यासाठी)

या पाठात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. तुम्ही १४ जून २०२५ रोजी नाशिकमधल्या दुकानातून १६,४९९ रुपयांचा मोबाइल घेतला. कंपनीची वॉरंटी एक वर्षाची. आठव्या महिन्यात तो चार्ज होणं थांबलं.

बिल

पहिला प्रश्न: बिल कुठे आहे? आणि ते वाचता येतंय का? थर्मल कागदावरची छपाई उन्हात, पाकिटात काही महिन्यांत पुसट होते. बिल हातात पडताच फोटो काढा आणि स्वतःला मेल करा.

बिलावर पाहायचं ते हे: दुकानाचं नाव-पत्ता, जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, मॉडेल आणि आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक. आयएमईआय राहून गेला, तर "हा आमचा पीस नाही" म्हणायला दुकानदाराला वाट मिळते. फोनवर *#06# दाबून तो क्रमांक बिलाशी तिथल्या तिथे जुळवा.

बिल स्वतःच्या नावावरच घ्या. कर वाचतो म्हणून घरच्या फर्मच्या नावावर घेतलं, तर पुढे "खरेदी व्यापारी कारणासाठी होती, हा ग्राहक नाही" असा आक्षेप येऊ शकतो. "बिल हवं तर जीएसटी वेगळा" हेही ऐकू नका. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात आणि बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

वॉरंटी

वॉरंटीत साधारणपणे दुरुस्ती किंवा सुटा भाग बदलून मिळतो, नवी वस्तू मिळेलच असं नाही. कार्डावरच्या अटी वाचा: पाणी, पडझड आणि बाहेर उघडलेला फोन बहुतेक वेळा वगळलेला असतो. म्हणून गल्लीतल्या दुकानात "नुसतं बघून" घ्यायलाही देऊ नका.

सगळ्यात जास्त प्रकरणं सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बिघडतात, कारण जॉबशीट, म्हणजे फोन जमा करताना त्याची अवस्था आणि तक्रार लिहिलेला कागद, न वाचता सही होते. त्यावर "स्क्रीनला ओरखडे, चार्जिंग पोर्टमध्ये ओल" असं लिहिलेलं असेल आणि ते खरं नसेल, तर सही करण्याआधी तिथेच लिहा: "ओल असल्याचं मान्य नाही, फोन पाण्यात पडलेला नाही". देण्याआधी चारही बाजूंचे आणि पोर्टचे फोटो काढा. जॉबशीटची प्रत घेतल्याशिवाय फोन सोडू नका. तोंडी "दोन दिवसांत या" याला पुढे काही किंमत राहत नाही.

परतावा

इथे गैरसमज फार आहेत. रंग आवडला नाही, मित्राला स्वस्त मिळाला, एवढ्यावरून दुकानातली वस्तू परत करण्याचा हक्क कायदा देत नाही. ते दुकानाच्या धोरणावर असतं. पण वस्तू सदोष असेल तर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी दुकानदाराला वाचवत नाही. सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. ऑनलाइन खरेदीत सदोष, नकली किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू विक्रेत्याने परत घ्यायलाच हवी. पार्सल उघडताना लेबलापासून सलग व्हिडिओ काढा, मध्ये कट नको. पैशांऐवजी त्याच दुकानात पुढची खरेदी करायला दिलेली क्रेडिट नोट म्हणजे परतावा नव्हे.

तक्रार

आधी लेखी. दुकान आणि कंपनी, दोघांनाही मेल व स्पीड पोस्ट:

"मी १४ जून २०२५ रोजी बिल क्र. २१८४ ने १६,४९९ रुपयांचा मोबाइल घेतला. १९ जानेवारी २०२६ पासून तो चार्ज होत नाही. २१ जानेवारीला सर्व्हिस सेंटरने ओल असल्याचं कारण देऊन वॉरंटी नाकारली. ते मला मान्य नाही. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत मोफत दुरुस्ती करावी किंवा फोन बदलून द्यावा. अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. सोबत बिल, जॉबशीट आणि चार फोटो."

पत्रात राग नको, तारखा हव्यात.

उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. ही सेवा मोफत आहे. पण हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, ती मध्यस्थी करते. तक्रार नोंदवल्यावर मिळणारा डॉकेट क्रमांक लिहून ठेवा.

तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन करता येते. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार चालते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. सर्व्हिस सेंटरच्या हेलपाट्यांत ती संपू देऊ नका.

प्रतिवादी म्हणून विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही घाला. एकालाच घातलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मागणी आकड्यात लिहा: १६,४९९ रुपये, व्याज, मानसिक त्रास आणि खर्चाची वेगळी रक्कम. आकडा न पटणारा फुगवू नका, त्याने मूळ तक्रारच कमकुवत दिसते.

आजचं काम: घरातल्या एका वस्तूचं बिल आणि वॉरंटी कार्ड शोधून आणा. वर सांगितलेल्यांपैकी कुठली नोंद त्यावर नाही, ते वहीत लिहा.