एक्स-रेच्या फाइलीत पेशंट कुठे असतो?

सोमवारी कामावर आलास तेव्हा तू विचारलं होतंस, "दादा, एक्स-रे म्हणजे शेवटी फोटोच ना? मग जेपीजी करून एका फोल्डरात ठेवले तर काय बिघडलं?" तेव्हा लाइन गेली होती, यूपीएस ओरडत होता आणि उत्तर राहून गेलं. आता सावकाश लिहून देतो.

जेपीजी केलं की दोन गोष्टी जातात. पहिली, छटा. साध्या जेपीजीत करड्या रंगाच्या 256 छटा मावतात. सीटीच्या प्रत्येक ठिपक्यात मोजमाप असतं: पाणी 0, हवा उणे 1000, हाड बरंच वर. डॉक्टर माउस ओढून तीच इमेज कधी फुप्फुसासाठी, कधी हाडासाठी बघतात. जेपीजीत हे आकडेच उरत नाहीत, मग ओढणार काय? दुसरी गोष्ट जाते ती पेशंट. फोल्डरात नाव फक्त फाइलीच्या नावात असतं. कोणी रिनेम केलं की कोणाचा पाय कोणाच्या खात्यात गेला ते कळणार नाही.

डायकॉम म्हणजे अशा फाइलींचं ठरलेलं मानक. त्यानं हे दुखणं मुळातच संपवलं: इमेज आणि पेशंटची माहिती एकाच फाइलीत. 1980च्या दशकात प्रत्येक कंपनीचं मशीन आपलीच भाषा बोलायचं. म्हणून अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांची आणि उपकरणं बनवणाऱ्यांची अशा दोन संघटना एकत्र आल्या. 1985 मध्ये पहिलं मानक आलं आणि 1993 मध्ये त्याला डायकॉम हे नाव मिळालं.

फाइल उघडून बघ. सुरुवातीचे 128 बाइट मोकळे सोडलेले असतात, मग `DICM` ही चार अक्षरं, आणि पुढं टॅगांची रांग. आपल्या टेस्ट सर्व्हरवर `dcmdump` चालवलं की असं दिसतं (पेशंट खोटा आहे):

```
(0008,0020) DA [20241118]         # 8, 1 StudyDate
(0008,0060) CS [CT]               # 2, 1 Modality
(0010,0010) PN [WANKHADE^GAJANAN] # 16, 1 PatientName
(0010,0020) LO [24008713]         # 8, 1 PatientID
(0028,0010) US 512                # 2, 1 Rows
(0028,0011) US 512                # 2, 1 Columns
(7fe0,0010) OW 0018\0018\001a...  # 524288, 1 PixelData
```

कंसातली जोडी म्हणजे टॅगचा पत्ता. तो जगभर सारखाच: `(0010,0010)` म्हणजे पेशंटचं नाव, मशीन जपानचं असो की जर्मनीचं. पुढची दोन अक्षरं माहितीचा प्रकार सांगतात. `DA` म्हणजे तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये रेघ नाही. नावात आडनाव आधी आणि मध्ये `^`. शेवटचा टॅग म्हणजे खरी इमेज: 512 गुणिले 512 ठिपके, प्रत्येकी 2 बाइट, झाले 5,24,288. हा गुणाकार एकदा कागदावर करून बघ, मग फाइलीची भीती जाते.

नाव देवनागरीत टाकता येतं का? येतं. पण `(0008,0005)` मध्ये `ISO_IR 192` लिहिलेलं हवं आणि रांगेतल्या प्रत्येक मशीनला ते वाचता आलं पाहिजे. आपलं एक्स-रे मशीन प्रश्नचिन्हं दाखवतं, म्हणून आपण इंग्रजी अक्षरांत लिहितो. तिथंच वानखडे की वानखेडे, `WANKHADE` की `WANKHEDE`, हा घोळ सुरू होतो. म्हणून नावावर भरवसा ठेवायचा नाही. सातबाऱ्यावर नावं सारखी असली तरी गट नंबर बघतो ना, तसं इथं `PatientID` बघायचा.

पेशंटच्या खाली तीन पायऱ्या आहेत. एका पेशंटच्या एका तपासणीला स्टडी म्हणतात. तिच्यात सिरीज असतात, म्हणजे साधा सीटी एक, औषध देऊन काढलेला दुसरा. सिरीजमध्ये एकेक इमेज. स्टडी, सिरीज आणि इमेज या तिघांनाही आकडे नि टिंबांचा लांबलचक यूआयडी असतो, 64 अक्षरांच्या आत, जगात एकमेव. जिनिंगमधून निघालेल्या प्रत्येक गाठीवर नंबर असतो, तसंच समज.

आता पॅक्स. पॅक्स म्हणजे या फाइली घेणारं, सांभाळणारं आणि मागितल्या की देणारं कोठार. आत दोन भाग असतात: डिस्कवर डायकॉम फाइली आणि शेजारी डेटाबेस. फाइल आली की पॅक्स तिचे मोजके टॅग वाचून डेटाबेसात नोंद करतं. डॉक्टर नाव शोधतात तेव्हा धुंडाळला जातो तो डेटाबेस; इमेज उघडली की मगच फाइल हलते. डेटाबेस बिघडला तरी फाइली शाबूत असतील तर नोंदी पुन्हा बांधता येतात. उलटं होत नाही. म्हणून बॅकअप दोन्हीचा, पण जीव फाइलीत.

माहिती मशीनवर हातानं टाइप करायची नाही. काउंटरवर नोंदणी झाली की ती वर्कलिस्ट बनून मशीनच्या स्क्रीनवर येते, टेक्निशियन त्यातून पेशंट निवडतो. निवड चुकली तर? मी आधी होतो त्या दवाखान्यात एकाच सकाळी दोन गजानन वानखडे आले. शेगाव इतकं जवळ, गजानन तर घरोघरी! टेक्निशियननं वरचा निवडला, झोपला होता खालचा. पॅक्सनं काही कुरकुर केली नाही, कारण ते तोंड बघत नाही, टॅग वाचतं. आम्ही पॅक्समध्ये स्टडी योग्य आयडीवर हलवली आणि सुटलो असं समजलो. पण नागपूरच्या रेडिओलॉजिस्टकडे जुन्या टॅगची प्रत आधीच पोचली होती, रिपोर्ट चुकीच्या नावानं आला. तेव्हापासून माझा नियम: दुरुस्ती केली की ती स्टडी कुठं कुठं गेली ते शोधायचं आणि तिथं फोन करायचा.

फाइली नेटवर्कवरून जातात त्याला सी-स्टोअर म्हणतात. प्रत्येक मशीनला एई टायटल नावाचं 16 अक्षरांपर्यंतचं नाव असतं. नाव, आयपी, पोर्ट, तिन्ही जुळले तरच बोलणं होतं. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरकही चालत नाही. कोणी "इमेज जात नाही" म्हटलं की आधी हे चालव:

```
echoscu -v -aet ITDESK -aec PACSMAIN 192.168.10.20 11112
```

उत्तर आलं तर निदान तार आणि पॅक्स जागेवर आहेत; मग मशीनची रांग बघ. लाइन गेली तर इमेज मशीनच्या डिस्कवर थांबतात, पुन्हा पाठवता येतात. दोनदा गेल्या तरी यूआयडी तोच असल्यानं पॅक्सनं वेगळी इमेज धरायची नसते. आपल्या सीटीवर स्टोरेज कमिटमेंट चालू आहे: "नीट ठेवलंस ना?" असं मशीन पॅक्सला विचारतं आणि होकार आल्याशिवाय आपली प्रत पुसत नाही. एक्स-रेवर ही सोय नाही, तिथं पुसण्याआधी स्वतः मोजून घे.

जागेचा हिशोब सोपा आहे. 400 कापांचा सीटी म्हणजे जवळपास 200 एमबी. दिवसाला 10 झाले तर 2 जीबी, वर्षाचे 300 दिवस धरले तर 600 जीबी, न दाबता. लॉसलेस कॉम्प्रेशननं साधारण निम्म्यावर येतं आणि एकही ठिपका बदलत नाही.

अजून एक. कोणी नेता येऊन म्हणेल, माझ्या माणसाची फाइल व्हॉट्सॲपवर टाक. फाइलीचं नाव बदलून काही लपत नाही, आत नाव, जन्मतारीख, सगळं बसलेलं असतं. टॅग पुसले तरी सोनोग्राफीत नाव बऱ्याचदा इमेजवरच छापलेलं असतं, ते टॅग पुसून जात नाही. अशा वेळी त्याला माझ्याकडे पाठव.

उद्या टेस्ट सर्व्हरवरची एक सिरीज उघड, टॅग वाच आणि कागदावर पेशंट, स्टडी, सिरीज, इमेज असं झाड काढून आण. दुपारी चहाला बघू.