साठ वर्षांची कुंची, नवा मानकरी

फोटोतली कुंची नवी नाही. झूम करून बघितलीत तर टाळूच्या वर, मधल्या शिवणीच्या उजव्या हाताला खणाची वीण जरा दाट दिसेल. तिथे रुपयाएवढं भोक होतं. आता तिथे रफू आहे, आणि त्या रफूचा धागासुद्धा ह्याच कुंचीतला आहे. कसा, ते पुढे सांगते.

महाद्वार रोडवरच्या गर्दीतून वाट काढत एक काकू गेल्या महिन्यात दुकानात आल्या. हातात स्टीलचा डबा. आम्हाला वाटलं, मिठाई द्यायला आल्या असतील. डबा उघडला तर आत धुवट पंच्यात गुंडाळलेली ही लाल-हिरव्या खणाची कुंची. "लेकीला मुलगा झालाय," म्हणाल्या. "बारशाला हीच घालायची आहे. होईल का हो काही हिचं?"

(काकूंनी ही गोष्ट लिहायला आनंदाने होकार दिला, फक्त नाव नको म्हणाल्या. म्हणून नुसतंच काकू.)

ही कुंची त्यांच्या आईने शिवलेली. काकू पोटात असताना आईच्या ओटीत जो खण आला, त्याची चोळी न शिवता आईने तो जपून ठेवला आणि त्याची कुंची केली. मशीन घरात नव्हतं, सगळं हाताने. काकूंच्या बारशाला ती पहिल्यांदा डोक्यावर चढली. मग पाठच्या भावाला, मग भाचरांना, मग काकूंच्या लेकीला. मधल्या काळात कुणीतरी ती ट्रंकेत तळाशी टाकली, आणि तिथे कसर लागली.

बाबांनी ती काउंटरवर पसरली आणि आधी उलटी केली. जुनं कापड आलं की आमच्याकडे पहिल्यांदा उलटी बाजू बघायची पद्धत आहे. वरून नुसता खण फाटलेला दिसत होता. आतून कळलं की मूळ दुखणं वेगळंच आहे. मधे केव्हातरी टाळूवरची शिवण उसवली होती आणि कुणीतरी ती घाईत मशीनवर मारून घेतली होती, जाड पॉलिस्टर धाग्याने. हेतू चांगलाच असणार. पण जुनं रेशीम आणि पॉलिस्टरचा चिवट धागा एकत्र आले की ताण आल्यावर धागा तुटत नाही, कापड तुटतं. टाक्याटाक्याला खण कापत गेला होता. कसरीने फक्त शेवटचा घास घेतला.

म्हणून आमच्या दुकानात एक नियम आहे: जुन्या कपड्याला लावायचा धागा कपड्याहून नाजूक हवा. पुढे कधी ओढ बसली तर टाका सुटू दे, तो परत घालता येतो. कापड परत विणता येत नाही.

खणाची अजून एक अडचण. गुळेदगुड्डचा असा खण उभ्या धाग्यात एका रंगाचा आणि आडव्यात दुसऱ्या रंगाचा असतो. ह्या कुंचीत उभा लाल, आडवा हिरवा. उजेडात हलवली की एकदा लालसर दिसते, एकदा हिरवट. अशा कापडावर बाजारातला कुठलाही एकरंगी धागा घेऊन रफू करा, ठिगळ लांबूनही ओळखू येतं. नवा खण आणून तुकडा जोडला असता तर तोही चमकला असता, कारण साठ वर्षांत रंग जसा मुरतो तसा नव्या कापडाला येत नाही.

इथे काकूंच्या आईच मदतीला आल्या. मागच्या शिवणीत त्यांनी बोटभर माया सोडली होती. पुढे कधी कुंची सैल करावी लागली तर असावी म्हणून सोडली असेल. ती माया आत दबून राहिल्यामुळे तिथला रंग जवळजवळ जसाच्या तसा होता. बाबांनी तिथून सुईने एकेक धागा काढला, लाल वेगळे, हिरवे वेगळे. आखूड धागे, तेही जुने, ओढले की तुटणारे. मेणावरून हलकेच फिरवून घ्यायचे, बारीकातल्या बारीक सुईत ओवायचे. भोकाच्या खाली पातळ रेशमी कापडाचा आधार दिला, त्यावर आधी उभे धागे बसवले, मग आडवे एक वर एक खाली घालत नेले. हे काम सकाळच्या उजेडातच होतं. दुपारनंतर बाबा कुंची झाकून ठेवायचे आणि ब्लाउजांना हात घालायचे.

अस्तर उसवायचं काम माझ्याकडे होतं. अस्तर पिवळं पडलेलं, जागोजागी विरलेलं. ते पुरतं काढून टाकायचं असंच ठरलं होतं. ब्लेडने एकेक टाका कापत गेले तसं लक्षात आलं की हे दुकानातून आणलेलं अस्तर नाही. एका कडेला बारीक काठ होता, धोतराचा. काकूंना फोन केला. त्या क्षणभर बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या आजोबांचं असणार. आई सांगायची, तुला आजोबांच्या धोतरातच गुंडाळून घरी आणलं." वापरून वापरून मऊ झालेल्या धोतराची दुपटी, लंगोट आपल्याकडे घराघरात व्हायची. कुंचीचं अस्तरही त्याचंच.

आता ते टाकायचं कसं? पण बाळाच्या डोक्याला विरलेलं कापड लावायचंही नव्हतं. मग धोतराचा जो भाग धड होता, तो काठासकट कापून घेतला, कोमट पाण्यात साध्या साबणाने धुतला, सावलीत वाळवला आणि खण आणि नवं अस्तर यांच्या मधे कपाळाच्या जागी बसवला. नवं अस्तर पांढऱ्या मलमलचं, शिवण्याआधी दोनदा धुऊन आटवलेलं. नाहीतर पहिल्या धुण्याला अस्तर आटतं आणि वरचा खण चुरगळून बसतो.

खण मात्र धुतला नाही. ओला पांढरा बोळा आतल्या बाजूला दाबून बघितला, तर लाल रंग उतरला. जुन्या खणाचं असं होतं. त्यामुळे नुसती मऊ ब्रशने धूळ काढली आणि सावलीत वारा दिला.

बाळाच्या आईला वेगळीच धास्ती होती. ओली बाळंतीण, व्हिडिओ कॉलवर कुंची बघत होती. "आई, ती जरीची कड टोचेल त्याला. मी ऑनलाइन एक मऊ टोपी मागवून ठेवली आहे." काकूंचा चेहरा उतरला. पण लेकीचं अगदी बरोबर होतं. चेहऱ्याच्या कडेने लावलेला जुना गोटा कडक झाला होता, त्याच्या तारा सुटल्या होत्या. तान्ह्या गालाला ते लागलंच असतं. आम्ही तो गोटा पुढून काढला आणि तिथे मलमलचीच पायपिंग दिली. काढलेला गोटा टाकला नाही, मागच्या झालरीच्या खालच्या कडेला लावला. तिथे तो बाळाला लागत नाही आणि पाठमोऱ्या फोटोत छान दिसतो. काळा पडलेला आहे, तसाच ठेवला. चिंच, टूथपेस्ट असलं काही जरीला लावून घासू नका, कळकळीने सांगते. चमक दोन दिवस येते आणि जर कायमची जाते.

हनुवटीखाली दोन चांदीची घुंगरं होती. एक लोंबत होतं. बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं, म्हणून दोन्ही घुंगरं काढून एका छोट्या पुरचुंडीत काकूंच्या हातात दिली. बंद नवे केले, रुंद आणि मऊ, गाठ न मारता नुसते बाजूला सोडता येतील असे. आणि बाळ झोपलं की कुंची काढून ठेवा, हेही सांगितलं.

एक जागा आम्ही हात न लावता सोडली. डाव्या कानाजवळ काकूंच्या आईची मूळ तुरपाई आहे. टाके आधी सगळे सारखे, मग शेवटच्या दोन बोटांत लांब लांब गेलेत. दिवस भरत आले असतील, घाई झाली असेल, किंवा बाळ रडत असेल, कोण सांगणार. शिवण पक्की आहे, ती बदलायचं काहीच कारण नव्हतं.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी काकू न्यायला आल्या. कुंची हातात घेऊन त्यांनी पहिल्यांदा आत बोट घालून अस्तर चाचपलं, मग कपाळाच्या जागी थांबल्या. मलमलखालून धोतराचा काठ बोटाला लागतो. त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला. बाबा गडबडून मागेच सरले, म्हणाले, "अहो ताई, मला कसला, आईंना करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी हा फोटो आला. आत्याने कानात नाव सांगितलं तेव्हा बाळाने डोळे उघडले होते म्हणे. बाळाच्या आईचा निरोप वेगळा आला: "टोचली नाही. तासभर शांत होता. थँक यू काका." ऑनलाइन मागवलेली टोपीसुद्धा रोज वापरात आहे, आणि ते बरंच आहे. कुंची रोजची नाहीच.

तुमच्या घरातही असं काही असेल. आजीचा शालू घडीवर चिरलेला, वडिलांच्या लग्नातल्या कोटाचं अस्तर गेलेलं, आईची पैठणी काठापाशी सुटलेली, मुंजीतला सोवळ्याचा कद. घेऊन या. बघायचे पैसे आम्ही घेत नाही. होण्यासारखं असेल तर कसं करणार, किती दिसेल, किती दिवस लागतील हे आधी सांगतो. होण्यासारखं नसेल तर तेही सरळ सांगतो. रेशीम हाताला लागताच भुगा होत असेल तर त्यावर रफू धरत नाही, तिथे तुमचे पैसे घालवण्यात अर्थ नाही. अशा साडीचा धड काठ किंवा पदर काढून दुपट्याला, बाळाच्या झबल्याला, उशीच्या अभ्र्याला लावता येतो, पण कात्री तुम्ही हो म्हटल्याशिवाय लागणार नाही.

साधा रफू 200 रुपयांपासून. खण, पैठणी, शालू यांचं हातकाम बघून सांगतो. ह्या कुंचीचे सगळे मिळून 1,600 रुपये झाले. बारसं, मुंज, लग्न असं काही असेल तर निदान तीन आठवडे आधी आणा, आयत्या वेळी रफू घाईचा होतो आणि घाईचा रफू आम्ही देत नाही.

आणण्याआधी चार गोष्टी: धुऊ नका, इस्त्री करू नका, फाटलेल्या जागी सेलोटेप किंवा सेफ्टी पिन लावू नका, आणि सुटलेला तुकडा, गोटा, गुंडी, टिकली, जे काही असेल ते एका पिशवीत घालून सोबत आणा. घरी ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी धुतलेल्या सुती कापडात ठेवा, डांबराची गोळी जरीला टेकू देऊ नका, आणि दर चार-सहा महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला.

बाहेरगावचे असाल तर आधी उजेडात काढलेले तीन फोटो इथे मेसेजवर पाठवा: पूर्ण कपडा, फाटलेली जागा जवळून, आणि तीच जागा उलट बाजूने. उलट बाजूचा फोटो विसरू नका, बाबा पहिल्यांदा तोच मागतात.

दुकान सकाळी 10 ते रात्री 8. सोमवारी बंद. रफूचं काम दाखवायला सकाळीच या, उजेड चांगला असतो.

#कुंची #खण #रफू #कोल्हापूर #बारसं #जुनंतेजपून