भाग ६ : घरघंटी अडली तर

आधीच्या पुस्तिकेत या जागी दोन पानांचा तक्ता होता. 'मोटर सुरू होत नाही' या एका ओळीसमोर सात कारणं, आणि त्यातलं पहिलं 'विद्युत पुरवठा खंडित'. लाइट गेली आहे हे पंख्याकडे बघून कळतं, त्यासाठी पुस्तिका कोणी काढत नाही. बाकीची सहा कारणं तपासत बसण्यापेक्षा लोक मेकॅनिकला बोलवायचे. तो यायचा, दार नीट लावायचा आणि व्हिजिट चार्ज घेऊन जायचा. म्हणून तो तक्ता काढून टाकला आहे.

आता जे दिसतंय, ऐकू येतंय किंवा हाताला लागतंय, ते खालच्या मथळ्यांत शोधा. प्रत्येक मथळ्याखाली एकच गोष्ट बघायची आणि एकच करायची. तेवढ्याने भागलं नाही, तर तिथेच थांबून शेवटी दिल्याप्रमाणे फोन करा. दुसऱ्या मथळ्याचा उपाय 'करून तर बघू' म्हणून लावू नका.

दार उघडण्याआधी

बटण बंद करा आणि प्लगही काढा. आपण आत हात घालून बसलेले असताना घरातलं कोणीतरी बटण दाबतं, त्यामुळे नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. बटण बंद केल्यावरही पाती काही सेकंद फिरत राहतात. आवाज पूर्ण थांबला की मगच दाराला हात लावा.

मागचं पत्र्याचं झाकण तुम्ही कधीही उघडायचं नाही. त्यामागे कपॅसिटर आहे आणि प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते.

१. पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात

२. जळका वास येतो किंवा धूर दिसतो

या दोन्हींत तुम्ही बघायचं काहीच नाही. गिरणीला हात न लावता भिंतीवरचा स्विच बंद करा, मग प्लग काढा आणि फोन करा. झिणझिण्या येत असतील तर घरातलं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या. पायात स्लीपर असली की झिणझिण्या येत नाहीत, म्हणून दळत राहणारे लोक आहेत. तसं करू नका.

३. बटण दाबलं, हिरवा दिवाही लागत नाही

बघा: त्याच सॉकेटला मिक्सर लावून चालतो का.

करा: मिक्सरही चालला नाही, तर बोर्डावरचा एमसीबी पडलेला असेल, तो वर करा. तो पुन्हा पडला तर काम वायरमनचं आहे, गिरणीचं नाही. मिक्सर चालला तर दोष गिरणीच्या वायरीत आहे, फोन करा.

४. हिरवा दिवा लागतो, पण मोटर गप्प

सगळ्यात जास्त फोन या तक्रारीचे येतात, आणि बहुतेक वेळा गिरणी बिघडलेली नसतेच.

बघा: पिठाचा डबा शेवटपर्यंत आत गेला आहे का. डबा बोटभर जरी बाहेर राहिला तरी दार लागल्यासारखं दिसतं, पण चौकटीच्या उजव्या कोपऱ्यातला छोटा काळा खटका दाबला जात नाही. तो दाबला गेल्याशिवाय मोटरला वीज मिळत नाही. लहान मुलांचे हात आत जाऊ नयेत म्हणून ही सोय मुद्दाम केली आहे.

करा: डबा बाहेर काढा. त्याच्या मागे आणि चौकटीवर साठलेलं पीठ कोरड्या फडक्याने पुसा. डबा मागच्या पत्र्याला टेकेपर्यंत सरकवा आणि 'टक्' असा आवाज येईपर्यंत दार दाबा. खटका चिकटपट्टीने दाबून ठेवू नका.

५. मोटर नुसती घुमते, फिरत नाही

ताबडतोब बटण बंद करा. अशी घुमत राहिली तर वाइंडिंग जळतं आणि मग खर्च मोठा येतो.

बघा: चेंबरमध्ये धान्य अडकलं आहे का. दळण चालू असताना लाइट गेली की आतलं धान्य तसंच राहतं. लाइट आल्यावर भरल्या चेंबरमधली पाती मोटरला फिरवता येत नाहीत.

करा: धान्य सोडायचा नॉब बंद करा, जाळी काढा आणि चेंबर लाकडी उलथन्याने व ब्रशने रिकामं करा. उलथन्यानेच पातं ढकलून बघा, सहज फिरलं पाहिजे. मग जाळी बसवून गिरणी रिकामी सुरू करा आणि वेग आला की नॉब हळूहळू उघडा. चेंबर रिकामं असूनही मोटर घुमतच राहिली तर कपॅसिटर गेलेला असण्याची शक्यता आहे, फोन करा.

दळताना लाइट गेली तर आधी नॉब आणि बटण बंद करायची सवय लावून घ्या. म्हणजे लाइट आल्यावर गिरणी भरल्या पोटी आपोआप सुरू होत नाही.

६. दळता दळता आपोआप बंद पडली

बघा: नॉब किती उघडा आहे.

करा: निम्म्याहून जास्त उघडा असेल तर मोटरवर भार आला आणि तिने स्वतःला वाचवलं. बटण बंद करून २० मिनिटं थांबा. चेंबर रिकामं करा, डाव्या बाजूचं लाल बटण आत दाबा, गिरणी रिकामी सुरू करा आणि नॉब निम्म्यापर्यंतच ठेवा. लाल बटण थंड झाल्याशिवाय आत बसत नाही, जोर लावू नका. त्याच दिवशी पुन्हा बंद पडली तर लाल बटण परत दाबू नका, फोन करा.

७. चालते, पण घरातले दिवे मंदावतात आणि आवाज जड येतो

बघा: प्लग एक्स्टेन्शन बोर्डावर आहे का.

करा: भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला थेट लावा, जिथे गीझर किंवा एसी लावतात तिथे. गिरणीची मोटर १ एचपीची आहे आणि सुरू होताना ती चालू असतानाच्या कैक पट करंट ओढते. मोबाइलच्या चार्जरसाठी आणलेल्या बोर्डाचं ते काम नाही. घरच्या इन्व्हर्टरवरही गिरणी चालवू नका.

८. वरचं धान्य खाली उतरत नाही

बघा: वरच्या भांड्याच्या तोंडाशी काडी, कणीस किंवा सुतळीचा तुकडा आडवा बसला आहे का.

करा: धान्य काढून घ्या आणि लाटण्याच्या टोकाने तोंड मोकळं करा. बोट घालू नका. पुढचं दळण चाळून, निवडून टाका.

९. पीठ चटका बसेल इतकं गरम येतं, चेंबरमध्ये लगदा चिकटतो

पीठ कोमट येणं हा दोष नाही. पात्यांनी धान्य फुटताना उष्णता होतेच. पण चिमूट हातात धरवत नसेल, तर धान्य ओलसर आहे आणि जाळीची भोकं बुजली आहेत.

बघा: दाणा दातांत धरून फोडा. वाळलेला गहू 'कट्' करून फुटतो. ओलसर गहू आधी दबतो, मग तुटतो आणि दाताला चिकटतो. हाताला कोरडा लागतो म्हणून फसू नका. धुऊन वाळवलेला गहू वरून खडखडीत वाटतो, पण दाण्याच्या मधल्या चिरेत ओल राहिलेली असते. श्रावणात, दोन दिवस ऊन न पडलेल्या गव्हाचं हमखास असं होतं.

करा: दळण थांबवा. जाळी काढून दोन्ही बाजूंनी कोरड्या ब्रशने साफ करा. जाळी पाण्याने धुऊ नका, भोकांत राहिलेल्या पिठाची कणिक होते. धान्य चांगल्या उन्हात पसरा, मग सावलीत गार होऊ द्या आणि दातांची परीक्षा घेऊनच दळा. भाजणीचंही तसंच: भाजलेलं धान्य पूर्ण गार झाल्याशिवाय वरच्या भांड्यात ओतू नका. शेंगदाणे, तीळ आणि सोयाबीन या गिरणीत दळायचेच नाहीत, त्यांच्या तेलाने जाळी बुजते.

१०. पीठ हवं तसं बारीक येत नाही

बघा: जाळीच्या कडेवर कोरलेला आकडा.

करा: पोळी-भाकरीच्या पिठाला १, बेसनाला २, भाजणीला ३ आणि भरडीला ४ नंबरची जाळी लावा. मागच्या वेळी थालीपिठाची भाजणी दळली आणि जाळी तशीच राहिली, बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं.

११. पिठात अख्खे दाणे येतात

बघा: जाळी काढून खिडकीच्या उजेडासमोर धरा. सगळी भोकं सारखी दिसली पाहिजेत.

करा: एखादं भोक मोठं दिसलं किंवा चीर दिसली, तर जाळी बदला. ती झाळून घेऊ नका. भोकं सारखी असतील तर जाळी खाचेत बसलेली नाही, दोन्ही हातांनी दाबून पुन्हा बसवा.

१२. पीठ बाहेर उडतं, ओट्यावर थर बसतो

बघा: डब्यावरची कापडी पिशवी. नव्या पिशवीतून फुंकर आरपार जाते, बुजलेलीतून जात नाही.

करा: पिशवी उलटी करून बाहेर झटका. महिन्यातून एकदा साबण न लावता धुवा आणि पूर्ण वाळवूनच लावा. पिशवी काढून ठेवून दळू नका.

१३. खडखड असा आवाज

बघा: बटण बंद करून आणि प्लग काढून चेंबरच्या तळाशी खडा किंवा खिळा आहे का.

करा: तो काढून टाका आणि वरच्या भांड्याच्या तोंडाशी असलेलं लोहचुंबक पुसून घ्या. चुंबक खिळा पकडतं, खडा पकडत नाही. खड्यासाठी धान्य निवडणं एवढाच उपाय आहे.

१४. गिरणी थरथरते, जागची सरकते

बघा: चारही चाकं फरशीला टेकली आहेत का.

करा: सपाट जागी आणून पुढच्या दोन चाकांचे ब्रेक पायाने दाबा. खाली कागदाच्या घड्या घालू नका.

१५. पिठाला आधीच्या दळणाचा वास येतो

बघा: चेंबरचे कोपरे आणि जाळीची मागची बाजू.

करा: साठलेलं पीठ ब्रशने काढा, मग मूठभर तांदूळ दळून ते पीठ टाकून द्या. बाजरीनंतर हे त्याच दिवशी करा, बाजरीचं पीठ लवकर खवट होतं. उपवासाचा राजगिरा किंवा वरी दळण्याआधी तर हे करावंच लागतं. मूठभर राजगिरा आधी दळून वाया घालवला तरी चालेल, पण गव्हाचं पीठ त्यात उतरता कामा नये.

फोन करताना

नंबर दाराच्या आतल्या बाजूच्या स्टिकरवर आहे आणि त्याखाली गिरणीचा अनुक्रमांक आहे. फोनवर एवढंच सांगा: वरच्या मथळ्याचा आकडा, तिथलं करून काय झालं, कोणतं धान्य होतं आणि कोणती जाळी. 'पाच नंबर, चेंबर रिकामं केलं, तरी घुमते, ज्वारी, एक नंबर जाळी' एवढं कळलं की मेकॅनिक कपॅसिटर बरोबर घेऊनच निघेल. तो येईपर्यंत प्लग काढलेला ठेवा आणि वरच्या भांड्यात धान्य ठेवू नका.