खो-खोच्या तीन फलकांचे प्रॉम्प्ट

दादा, तालुका स्पर्धेच्या तिन्ही फलकांचे प्रॉम्प्ट पाठवतोय. चित्र बनवणाऱ्या एआय साधनात आहेत तसेच टाका. काही बदलावंसं वाटलंच तर आधी त्याखालची टीप वाचा, कारण एका शब्दाने चित्र फिरतं.

पहिला प्रवेशद्वारावरचा. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक आपल्या मुलींनी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला, म्हणून इथे मुलगीच हवी.

> क्रीडा छायाचित्र. लाल मातीचं खो-खो मैदान, सकाळचं लख्ख ऊन. सोळा वर्षांची आक्रमक डाव्या हाताने लाकडी खांब धरून सूर मारते आहे. दोन्ही पाय हवेत, शरीर जमिनीला समांतर, उजव्या हाताची बोटं पुढच्या धावक मुलीच्या पाठीपासून चार बोटं दूर. शटर 1/2000 सेकंद. मातीचे कण हवेत थबकलेले, प्रत्येक कण सुटा. वेणीचे केस वेगवेगळे दिसतात, मनगटावरचा घामाचा थेंब गोल. चेहरा, बोटं आणि खांब काटेकोर स्पष्ट. कॅमेरा जमिनीलगत, बाजूने.

इथे खरं काम 'थबकलेले', 'सुटा' आणि 'गोल' हे शब्द करतात. सेकंदाला सात मीटर धावणारी मुलगी 1/2000 सेकंदात साडेतीन मिलिमीटर सरकते, म्हणून खऱ्या फोटोत ती गोठलेली दिसते. चित्र बनवणारं साधन हा हिशेब करत नाही. त्याने अशा आकड्यांचे फोटो पाहिलेले असतात, त्यामुळे आकडा फक्त दिशा देतो. डोळ्याला दिसणारी खूण लिहिली की चित्र भरवशाचं येतं. 'वेगवान', 'थरारक', 'विजेसारखी' हे शब्द मात्र इथे अजिबात घालू नका. मी घातले तेव्हा मुलीच्या मागे रेघा उमटल्या आणि सूर विरघळला. 'धूसरता नको' असंही मुख्य मजकुरात लिहू नका, 'धूसरता' हाच शब्द पकडला जातो. वगळायच्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असेल तर तिथे फक्त 'धूसरता, वेगरेषा' एवढं टाका.

दुसरा प्रेक्षकांच्या मंडपासाठी. माझा सगळ्यात आवडता हाच, कारण खो-खोत थांबणं आणि धावणं एकाच मैदानावर असतं.

> तिवईवर घट्ट बसवलेला, न हलणारा कॅमेरा. संध्याकाळचा मंद प्रकाश. मधल्या पाटीत आठ आक्रमक आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून उठण्याच्या तयारीत बसले आहेत, आठही जण स्थिर आणि स्पष्ट. दोन्ही टोकांचे खांब स्पष्ट. बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळणारा धावक मात्र लांब पुसट पट्ट्यासारखा, चेहरा ओळखू येत नाही, जर्सीचा निळा रंग हवेत ओढलेला. शटर 1/8 सेकंद.

1/8 सेकंदात त्याच वेगाचा धावक जवळजवळ 90 सेंटिमीटर पुढे जातो, म्हणून तो पुसला जातो. 'न हलणारा कॅमेरा' काढलात तर बसलेले आठ जणही पुसले जातील आणि चित्र नुसतं हललेलं वाटेल. कोण स्थिर आणि कोण ओढलेलं, हे दोन्ही नाव घेऊन लिहावं लागतं. 'हालचाल दाखवा' म्हणून भागत नाही.

तिसरा रस्त्यावरचा, लांबट.

> कॅमेरा धावक मुलीबरोबर डावीकडून उजवीकडे वळतो. चेहरा आणि धड स्पष्ट. पावलं आणि मुठी किंचित ओढलेल्या. मागचे प्रेक्षक, झाडं आणि पिवळ्या पताका आडव्या रेघांमध्ये ताणलेल्या. शटर 1/30 सेकंद. पुढे मोकळी जागा.

इथे मी आधी 'धूसर पार्श्वभूमी' लिहिलं होतं. आली ती लग्नाच्या फोटोसारखी मऊ, गोल ठिपक्यांची, आणि मुलगी जागच्या जागी उभी वाटली. ती धूसरता भिंगाची असते, वेगाची नाही. वेगाला दिशा असते, म्हणून 'आडव्या रेघांमध्ये ताणलेल्या' हे शब्द हलवू नका. 'पावलं आणि मुठी किंचित ओढलेल्या' हेही ठेवा. सगळंच स्पष्ट मागितलं तर मुलगी कापून चिकटवल्यासारखी दिसते.

गडद मातीवर पांढरी अक्षरं उठून दिसतील. तारीख आणि जर्सीचे क्रमांक प्रॉम्प्टमध्ये मागितलेले नाहीत, ते तुमच्या फाँटमध्ये नंतर बसवा. पहिल्या फलकाची चार चित्रं काढा आणि खांबावरच्या हाताची बोटं मोजूनच एक निवडा, तो फलक बारा फुटांचा आहे.