विषय: अडकलेल्या बिलांची मुदत आणि व्याज कसं मोजायचं – शनिवार, २२ नोव्हेंबर, रबाळे (यायचं नसेल तर फक्त 'नाही' लिहा)

नमस्कार पाटील साहेब,

मागच्या महिन्यात महाप्याच्या पुरवठादार मेळाव्यात आपली भेट झाली होती. तुमच्या फॅब्रिकेशन युनिटची दोन मोठी बिलं उन्हाळ्यापासून अडकली आहेत आणि पार्टी जुनी असल्यामुळे जोरात मागताही येत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. त्यावरून हे आमंत्रण पाठवते आहे.

शनिवारी २२ नोव्हेंबर २०२५ ला सकाळी साडेदहा ते सव्वाबारा आमच्या रबाळ्याच्या ऑफिसात एक छोटी बैठक ठेवली आहे. विषय एकच: सूक्ष्म आणि लघु उद्योगांची थकलेली बिलं. शुल्क नाही. जागा वीसच आहेत, कारण प्रत्येकाने आपली बिलं घेऊन यायची आहेत आणि ती तिथेच बघायची आहेत.

दीड-पावणेदोन तासांत हातात काय पडेल, ते आधीच सांगते, म्हणजे यायचं की नाही हे ठरवणं सोपं जाईल.

तुम्ही तुमची तीन अडकलेली बिलं, त्यांची पीओ आणि सही-शिक्क्याची डिलिव्हरी चलनं आणायची. निघताना प्रत्येक बिलाची कायदेशीर मुदत कोणत्या तारखेला संपली, आजपर्यंत व्याज किती झालं आणि तुमचा कोणता कागद कच्चा आहे, हे एका पानावर लिहिलेलं तुमच्याकडे असेल. शिवाय पार्टीला पाठवायच्या पत्राचा मराठी आणि इंग्रजी मसुदा मिळेल. पत्राची भाषा सभ्य आहे, त्यात धमकी नाही. तारखा आणि आकडे मात्र स्पष्ट आहेत.

मुदतीचा हिशेब बऱ्याच युनिटांमध्ये चुकतो, म्हणून त्याला आम्ही सर्वांत जास्त वेळ ठेवला आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी करार नसेल तर ती १५ दिवसांचीच असते. पीओवर ९० दिवस छापले असले तरी कायद्यापुढे ते टिकत नाहीत. हे दिवस माल स्वीकारल्याच्या तारखेपासून मोजतात. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तो दिवसच स्वीकारल्याचा दिवस धरला जातो. म्हणून तारखेसह सही असलेलं चलन लाखमोलाचं. आपल्याकडे ड्रायव्हर ते गाडीतच ठेवतो आणि महिन्याभरात ते गहाळ होतं. चलनं रोज फाइलला लावण्याची साधी पद्धत आम्ही दाखवू. ती तुमचा अकाउंटंट सोमवारपासून सुरू करू शकेल.

व्याजाचंही असंच आहे. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. नोव्हेंबर २०२५ मधला बँक रेट ५.७५ टक्के, म्हणजे व्याज १७.२५ टक्के. दहा लाखांचं बिल मुदतीनंतर तीन महिने थकलं, तर सुमारे ४३,७०० रुपये होतात. प्रत्येक वेळी हे व्याज वसूल करावंच, असं माझं म्हणणं नाही. जुन्या पार्टीशी बोलताना ते कागदावर असलं तरी बोलणं बदलतं.

त्यात आयकराचं ४३बी(एच) कलम आहेच. ३१ मार्चला तुमच्या बिलाची मुदत उलटून गेली असेल आणि पैसे दिलेले नसतील, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. ज्या वर्षी तो पैसे देईल, त्या वर्षी ती वजावट मिळते. म्हणून तुमचं पत्र नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच त्यांच्या अकाउंट्सकडे पोचलं, तर मार्चच्या आत त्यांचे सीए स्वतःच तुमचं बिल वर काढतात. पार्टीशी भांडण न करता पैसे सुटण्याचा मला दिसणारा सर्वांत चांगला रस्ता हाच आहे, आणि बैठक आत्ता ठेवली आहे तीही त्यासाठीच. याची दुसरी बाजूही तिथे मोकळेपणाने बोलू. काही मोठे खरेदीदार उद्यम नोंदणी असलेल्यांकडून माल घेणं टाळतात किंवा नोंदणी रद्द करायला सांगतात. असं झालं तर काय करायचं, हा प्रश्न तुमच्याही मनात असेलच.

सरकारी पोर्टलवरची तक्रार आणि 'ट्रेड्स' या ऑनलाइन मंचावर बिल वटवून घेणं, हे दोन्ही विषय थोडक्यात होतील.

कोणाला याचा उपयोग नाही, तेही सांगते. तुमचा व्यवसाय निव्वळ ट्रेडिंगचा असेल तर उद्यम नोंदणी असूनही उशिराच्या पैशांची ही तरतूद लागू होत नाही. मध्यम उद्योगांनाही ४३बी(एच)चा फायदा नाही. उद्यम नोंदणी अजून केली नसेल तर आधी ती करा, udyamregistration.gov.in वर ती मोफत होते, एजंटची गरज नाही. माल पाठवण्याआधीची नोंदणी असली की पुढे वाद कमी होतात.

आम्ही स्वतः थकबाकीच्या पाठपुराव्याची सेवा देतो, फी घेऊन. बैठकीत ती विकणार नाही. कोणाला त्याबद्दल विचारायचं असेल तर सव्वाबारानंतर चहाच्या वेळी विचारावं. बाकीच्यांनी निघावं, कोणी थांबवणार नाही. कायद्याचा भाग आमचे सीए सांगतील, कागदपत्रांचा मी.

उत्तरासाठी एक शब्द पुरे. यायचं असेल तर याच मेलला 'येतो' लिहा, मी लगेच लोकेशन पाठवते. तुमच्याऐवजी अकाउंटंट येणार असेल तर त्यांचं नाव कळवा. खरं तर तुम्ही दोघं आलात तर जास्त बरं.

यायचं नसेल तर 'नाही' लिहा. कारण द्यायची गरज नाही आणि मी विचारणारही नाही. या बैठकीबद्दल पुन्हा मेल किंवा फोन येणार नाही. शनिवारी जमत नाही पण विषय कामाचा वाटतो, असं असेल तर 'तक्ता' लिहा. मुदत आणि व्याज मोजायचा एक्सेल तक्ता पाठवून देते, त्याच्या मागे फोन येणार नाही. आणि आमच्याकडून कधीच मेल नको असतील तर 'बंद' लिहा. त्याच दिवशी तुमचा पत्ता यादीतून काढते.

बुधवार १९ नोव्हेंबरपर्यंत काहीच उत्तर आलं नाही, तर तुम्ही येत नाही असं धरून तुमची जागा दुसऱ्या युनिटला देईन. आठवणीचा मेल फक्त 'येतो' म्हणणाऱ्यांना, शुक्रवारी एकदाच जाईल.

तुम्ही आलात तर ती दोन बिलं सर्वांत आधी बघू.

आपली,
मृणाल
हिशेब व थकबाकी पाठपुरावा सेवा, रबाळे एमआयडीसी

ता. क. ट्रेनने येत असाल तर रबाळे स्टेशनला उतरून एमआयडीसीच्या बाजूला बाहेर पडा. गाडी आणणार असाल तर 'येतो'सोबत तेही लिहा, म्हणजे गेटवर सांगून ठेवते. बिलांच्या झेरॉक्स चालतील, मूळ प्रती ऑफिसातच राहू द्या. पार्टीचं नाव दिसू नये असं वाटत असेल तर ते खुशाल झाकून आणा. हिशेबाला तारखा आणि रकमा पुरतात.